गॅविनने इंजिन कापलं

गॅविन परेरा गिरगावातल्या वाडीतून रोज परळच्या एका कंपनीत जायचा. गिरणीची जुनी भिंत राखून तिच्यामागे उभ्या केलेल्या काचेच्या इमारतीत मासेमारीच्या बोटींसाठी डिझेल इंजिनं डिझाइन व्हायची. गॅविन तिथे चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होता. आता माझगावच्या गोदीतले बोटबांधणीवाले राजरत्नसाहेब नवं इंजिन बघायला येणार होते. ऑर्डर मिळाली तर गॅविन पर्मनंट, असं त्याचे बॉस निमेशसर यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. इंजिनाचं मूळ डिझाइन निमेशसरांचं होतं आणि ही गोष्ट ते कुणालाही विसरू देत नसत.

"गॅविन, इंजिन आतून दिसलं पाहिजे. एकदम क्लिअर!"

गॅविनने स्क्रीनवरच्या मॉडेलवर सरळ सुरी चालवली. मधोमध कापलं ते सगळंच कापलं गेलं. पिस्टन अर्धा, कनेक्टिंग रॉड अर्धा, क्रँकशाफ्ट अर्धा, बोल्टसुद्धा अर्धे. सर म्हणाले, "हे काय रे? कलिंगड कापलंयस?"

चूक गॅविनलाही दिसत होती. आत काय चाललंय ते दाखवायचं तर बाहेरचं कवच तेवढं कापायचं आणि आतली हलणारी मंडळी अखंड ठेवायची. मग त्याने मॉडेलमधला एक चतुर्थांश तुकडाच काढायचा ठरवला. कुठले भाग कापायचे ते एकेक करून निवडले: ब्लॉक, हेड, लायनर, खालचं तेलाचं भांडं. कापलेल्या कडांना लाल रंग दिला, पिस्टन चंदेरी आणि व्हॉल्व्ह निळे. इंजिन असं उघडलं की शिपायालाही कळावं. गॅविन स्वतःवर बेहद्द खूश झाला.

मग त्याने पिस्टन वर नेला. त्यासरशी क्रँकशाफ्टवरचं, तोल राखणारं जाडजूड काउंटरवेट खाली आलं आणि तेल मोजायच्या डिपस्टिकमधून आरपार गेलं. कॉम्प्युटरला त्याचं काहीच वाटत नाही, पोलादातून पोलाद गेलं तरी तो गप्प बसतो. समुद्रात मात्र पहिल्याच फेऱ्यात डिपस्टिकचे तुकडे उडाले असते. कवच बंद होतं तोवर हे कुणाला दिसलं नव्हतं.

त्याने सरांना बोलावून दाखवलं. सरांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"तू कवच कापतोयस ना?"

"हो सर."

"मग डिपस्टिकपण घे ना कापायच्या यादीत! तिची नळीपण घे. दोन्ही त्याच बाजूला आहेत, जातील."

"पण सर, प्रॉब्लेम तर..."

"प्रॉब्लेम नंतर बघू. प्रेझेंटेशनमध्ये क्लॅरिटी पाहिजे, बाबा."

गॅविनने डिपस्टिक यादीत टाकली आणि ती अदृश्य झाली. काउंटरवेट मोकळ्या जागेत डौलात फिरू लागलं. गॅविनला लाज वाटली. पण घरी जर्ट्रूड, त्याची आई, पर्मनंटच्या बातमीकडे डोळे लावून बसली होती, आणि लाजेपेक्षा ते डोळे जड होते.

राजरत्नसाहेब आले, खुर्चीच्या टोकाला बसून बघत राहिले. पिस्टन वर-खाली झाला, व्हॉल्व्ह उघडले, मिटले. साहेब लहान मुलासारखे खूश. "वा! आयुष्यात एवढं साफ इंजिन बघितलं नाही. बोटीवर आम्ही अंदाजानेच चालतो हो." मग ते पुढे वाकले. "एवढं तेलाचं भांडं दाखवलंत, तेल बघायची काडी कुठे आहे?"

निमेशसर अचानक पाणी प्यायला लागले. ग्लास संपला तरी पीत राहिले. गॅविनने माऊसवर हात ठेवला. यादीतून डिपस्टिक काढायची एवढंच काम होतं, की खरं काय ते पडद्यावर आलं असतं. बोट एकदा हललंसुद्धा.

"काडी नाहीये, सर," गॅविन म्हणाला. "या इंजिनला सेन्सर आहे."

"सेन्सर! बघा, ही खरी प्रगती." साहेबांनी तिथल्या तिथे हात मिळवून ऑर्डर पक्की केली. सरांनी गॅविनच्या पाठीवर थाप मारली, तीही सगळ्यांसमोर.

सोमवारी पर्मनंटचं पत्र मिळालं. सोबत पहिलं पर्मनंट काम: नसलेला सेन्सर महिन्याच्या आत इंजिनात बसवणे. डिपस्टिकऐवजी सेन्सर आला की आपली चूकही कुणाला न कळता निघून जाईल, हे निमेशसरांनी हेरलं होतं.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिसाहून येताना जर्ट्रूड वाडीतल्या प्रत्येक दाराशी थांबली. "आमचा गॅविन पर्मनंट झाला! काम काय म्हायतीय? इंजिन उघडून दाखवतो. आत जे असेल ते सगळं, काय पण लपवत नाय!"

"मम्मा, चल ना घरी," गॅविन म्हणाला.

"थांब रे, शेवटच्या घरातल्या नेरिसाला सांगायचं राहिलंय."