मौनीताईंचं अप्रेझल

आमच्या कंपनीचं काम म्हणजे लोकांच्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या, दुरुस्त करायच्या आणि चालू ठेवायच्या की बंद, ते सांगायचं. हे दर सोमवारच्या मीटिंगमध्ये ठरतं. मेकॅनिकचे रिपोर्ट येतात, इंजिनियर ते मांडतात आणि विभागप्रमुख म्हणून मी शेवटी मान डोलावतो. त्या मीटिंगमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत एक बाई बसतात. वर्षानुवर्षं बसतात आणि बोलत नाहीत. पोरांनी कधीतरी त्यांना मौनीताई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं, की पगाराच्या यादीत त्यांचं खरं नाव दिसलं की ही बाई कोण असा मलाच क्षणभर प्रश्न पडतो.

त्या स्वतः इंजिनियर आहेत, चाळिशी कधीच ओलांडलेल्या. घरी सासरे, नवरा, दोन मुली आणि दोन दिवसांसाठी येऊन कायमची राहिलेली नणंद. सगळे एकजात बोलघेवडे. नवरा एकदा ऑफिसात आला होता. चहा संपेपर्यंत त्याने मला स्वतःच्या पाठदुखीपासून बहिणीच्या घटस्फोटापर्यंत सगळं ऐकवलं आणि निघताना विचारलं, की हिचं इथे कसं चाललंय, घरी तर काही सांगत नाही. मी म्हटलं, इथेही सांगत नाही. आम्ही दोघं खूप हसलो. त्या जिन्याशी पिशवी धरून उभ्या होत्या.

खरं सांगायचं तर त्यांच्या आसपास जरा चमत्कारिकच वाटतं. आमच्या मजल्यावरचे दिवे हालचाल झाली तरच चालू राहतात. मौनीताई वाचत बसल्या, की त्यांच्या डोक्यावरचा दिवा विझतो, कारण दिव्याच्या मते तिथे कुणी नसतं. मीटिंगच्या दिवशी सकाळी त्या सगळे रिपोर्ट वाचून काढतात. मग एखाद्याच्या टेबलामागे येऊन उभ्या राहतात. पावलं वाजत नाहीत. माणूस दचकतो. त्या एकच प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न बघता निघून जातात. हा प्रकार सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडला होता, की कुणाच्या लक्षातही राहत नसे.

यंदाच्या अप्रेझलला वरून फर्मान आलं, की प्रत्येक विभागाने एक तरी माणूस तळच्या श्रेणीत टाकायचाच. तळाला गेला, की सोमवारच्या मीटिंगमधून नाव कमी, सुटे भाग मोजायच्या टेबलावर बदली आणि सुधारणेची मुदत. मुदत संपली, की बहुतेक वेळा नारळच. मी मौनीताईंना चांगली श्रेणी देऊन मोकळा झालो होतो. एचआरच्या मॅडमनी फॉर्म परत पाठवला. मीटिंगमधल्या योगदानाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘शांत, पण अत्यंत उपयुक्त.’ मॅडमनी विचारलं, की उपयुक्त म्हणजे काय, एखादं उदाहरण द्या, नाहीतर तळाला यांचंच नाव घालते. मॅडमचं काही चुकत नव्हतं, आणि याचाच मला जास्त राग आला.

सहकाऱ्यांकडून अभिप्राय मागवले. ‘स्वभाव चांगला.’ ‘कुणाला त्रास नाही.’ असं तर आपण शेजारच्या मांजराबद्दलही सांगतो. सगळ्यात बडबड्या इंजिनियरला आम्ही रेडिओ म्हणतो. त्यानेही लिहून लिहून काय लिहिलं, तर ‘वेळेवर येतात.’ शुक्रवारी सगळे विभागप्रमुख डायरेक्टर साहेबांसमोर बसून श्रेण्या पक्क्या करणार होते. तिथे मी हे मांडलं असतं, तर माझ्यासकट त्यांचंही हसं झालं असतं.

राहता राहिली रेकॉर्डिंग. पुढेमागे अपघात झालाच, तर कुणी काय ठरवलं ते दाखवता यावं म्हणून आमच्या मीटिंगचं चित्रासकट रेकॉर्डिंग होतं. जेवण झाल्यावर मी लहान खोलीत दार लावून बसलो आणि कानाला हेडफोन लावून मौनीताईंचा आवाज शोधू लागलो. महिन्यामागून महिने पुढे सरकवले. ‘हो.’ ‘बरोबर.’ एकदा शिंक. माझा धीर सुटत चालला. कान दुखायला लागले म्हणून हेडफोन काढून ठेवले आणि चित्र तसंच चालू राहू दिलं.

आवाज नव्हता म्हणूनच दिसलं. रेडिओ उभा राहून हातवारे करत होता. मध्येच त्याची नजर खिडकीकडे गेली. मौनीताई लिहीत होत्या, तो पुढे बोलत राहिला. थोड्या वेळाने पुन्हा नजर गेली. या वेळी त्यांचं पेन थांबलेलं होतं. रेडिओचे ओठ थबकले, त्याने कागद उलटसुलट केला आणि समोरच्या यादीतल्या लिफ्टपुढे ‘बंद’ अशी खूण केली. मग दुसरा इंजिनियर उभा राहिला. त्याचंही तेच. पेन चालू, तर तो चालू. पेन थांबलं, तर तो थांबला. मी दुसरी मीटिंग लावली, तिसरी लावली. दर वेळी टेबलाभोवतीची सगळी डोकी एकदम खिडकीकडे वळत होती आणि एकदम परत फिरत होती. कुणाच्या चेहऱ्यावर आपण काही केल्याची जाणीव नव्हती. भर दुपारी त्या खोलीत मला थंडी वाजली.

तरी मनात म्हटलं, चला, पुरावा मिळाला. आणि उत्साहाच्या भरात त्याच आठवड्याच्या सोमवारचं रेकॉर्डिंग लावलं. त्या दिवशी मौनीताई नव्हत्या. सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी त्यांनी आठवडाभर रजा घेतली होती. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती.

रेडिओ एका राहत्या इमारतीच्या लिफ्टबद्दल बोलत होता. त्याची नजर खिडकीकडे गेली. सगळ्यांची गेली. तो रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबला, नेहमी थांबतो तितकाच. मग समोरच्याने होकार दिल्यावर आपला चेहरा सैल पडतो तसा त्याचा पडला, आणि त्याने ‘चालू’ अशी खूण केली. पडद्याच्या कडेला मी दिसत होतो. मीही खुर्चीकडेच बघत होतो. आणि मान डोलावली ती तिच्याकडे बघत. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. मी ते परत लावून बघितलं आणि मग मला बघवेना.

मी रेडिओला बोलावून घेतलं. ती लिफ्ट मजल्याच्या जरा खाली थांबते अशी तक्रार होती. त्याच्या मते सेन्सर सरकला होता, तो नीट बसवला, विषय संपला. मी विचारलं, की मौनीताई असत्या तर त्यांनी काय विचारलं असतं? त्याने विचारही केला नाही. त्याचा घणघणीत आवाज एकदम खाली आला, इतका खाली की ऐकायला मला पुढे वाकावं लागलं.

“रिकामी असताना कुठे थांबते?”

बोलून झाल्यावर तो स्वतःच माझ्याकडे बघत राहिला. सेन्सरचा दोष असेल तर लिफ्ट भरलेली असो की रिकामी, चूक एकाच बाजूला होते. ब्रेक घसरत असेल तर भरलेली लिफ्ट मजल्याच्या खाली जाते आणि रिकामी वर, कारण मग दोराच्या पलीकडच्या टोकाचं वजन तिला ओढतं. हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, रिकामी असताना वर थांबते साहेब, मला कुणी विचारलंच नाही. तिथल्या तिथे लिफ्ट बंद करायला सांगितली. संध्याकाळपर्यंत त्याने ब्रेक उघडून बघितला. लायनिंग झिजून संपलं होतं. सोमवारपासून त्या लिफ्टमधून म्हातारी माणसं आणि शाळेची मुलं वरखाली करत होती, आमच्या होकारावर.

शुक्रवारी मी डायरेक्टर साहेबांसमोर दोन्ही रेकॉर्डिंग लावली. त्यांनी आवाज वाढवायला सांगितलं. मी म्हटलं, आवाज लावायचाच नाही. आधी कुणीतरी खुसखुसलं. मग एचआरच्या मॅडमच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी हातातलं पेन हळूच टेबलावर ठेवलं. आदल्या दिवशी ती रेकॉर्डिंग मी इंजिनियरांनाही दाखवली होती, आणि एकदा दिसल्यावर त्यांना मौनीताईंचे प्रश्नही आठवू लागले होते. कोणत्या इमारतीबद्दल काय विचारलं आणि त्यामुळे काय सापडलं, हे प्रत्येकाने लिहून दिलं होतं. ते मी पुढे ठेवलं. श्रेणी ‘अपेक्षेपेक्षा सरस’ ठरली, तळाला कुणीतरी हवंच हा हट्टही यंदापुरता सुटला. फक्त पुढच्या वर्षाच्या उद्दिष्टात मॅडमनी लिहिलं, ‘मीटिंगमध्ये अधिक बोलणे.’ जिंकलेल्या माणसाने किती भांडायचं म्हणून मी ते चालवून घेतलं.

सोमवारी मीटिंगच्या आधी मौनीताईंना केबिनमध्ये बोलावलं. सासरे बरे आहेत, एवढंच त्या म्हणाल्या. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना श्रेणी सांगितली, रेकॉर्डिंगमध्ये काय दिसलं तेही सांगितलं, रिकाम्या खुर्चीसकट. वाटलं होतं, निदान हसतील. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“मी नव्हते, तरी त्यांनी मला विचारलं?”

“हो, ताई.”

“आणि मी काय सांगितलं?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “चालू ठेवा म्हणालात,” मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरचा फॉर्म स्वतःकडे ओढला. मग त्यांनी उद्दिष्टाच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे खोडा, सर. मी कितीही बोलले, तरी मी असेन तेव्हाच बोलेन. ज्याला मी प्रश्न विचारते, त्याने तो मीटिंगमध्ये स्वतः मांडायचा, उत्तरासकट. मी रजेवर असेन त्या दिवशी माझ्या जागी बसून रिपोर्ट वाचणारा माणूस आधीच ठरवायचा. हे लिहा.”

एका दमात त्या इतकं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी ओळ खोडली आणि त्या म्हणाल्या तसं लिहिलं. मॅडमना काय सांगायचं ते पुढचं पुढे.

मीटिंग सुरू झाली. मौनीताई आपल्या जागी बसल्या, आणि बसल्या बसल्या त्यांनी खुर्ची फिरवली. आता आमच्याकडे त्यांची पाठ होती आणि तोंड खिडकीकडे. पेन कुठे आहे, चालू आहे की थांबलंय, काही दिसत नव्हतं.

रेडिओ एका दवाखान्याच्या लिफ्टबद्दल सांगत होता. बोलता बोलता त्याने खिडकीकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. तो थांबला. पाठ हलली नाही. तो वाट बघत राहिला, आम्ही सगळेच बघत राहिलो, त्या पाठीकडे, आणि माझी मान आपोआप हलायला निघाली आहे हे मला जाणवलं. मी ती जोर लावून थांबवली.

रेडिओने कागद खाली ठेवला.

“हे मला माहीत नाही,” तो म्हणाला. “बघून येतो. तोवर बंद ठेवा.”