दहा सेकंदांची कुजबुज

डमडमच्या मराठी घरांत चहाचे कप खाली ठेवून, आवाज एक पट्टी उतरवून अजूनही सांगतात, की मेळ्याला आग लागली त्या संध्याकाळी सरलाबाईंनी भोंग्यावरून आधी आपल्या माणसांना मराठीत गुपचूप ‘निघा’ म्हणून सांगितलं, आणि मग उरलेल्या कोलकात्याला. पुरावा काय, तर मराठी मंडळाच्या स्टॉलवरची आठही माणसं सगळ्यांत आधी बाहेर. मंडळाच्या चिटणीस शैलाताई तर शपथेवर सांगतात, “या कानांनी ऐकलं! मराठीच होतं.” शैलाताई तेव्हा फाटकाबाहेर रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडत होत्या, हे मात्र त्या सांगायचं विसरतात.

सरलाबाई जन्मल्या कोलकात्यात, शिकवला भूगोल, तोही बंगाली शाळेत. पस्तीस वर्षं प्रार्थनेच्या रांगा एका हाकेवर सरळ केल्या. निवृत्त झाल्यावर तो आवाज वाया जाऊ नये म्हणून वस्तीतल्या क्लबाने त्यांना हिवाळी मेळ्याच्या माइकवर बसवलं. हरवलेली मुलं, सापडलेले चष्मे, आड लावलेल्या गाड्या. एकदा एक म्हातारे गृहस्थ स्वतःच हरवून आले आणि ‘बायकोला बोलवा, पण इतक्यात नको’ म्हणाले. सरलाबाईंनी त्यांना अर्धा तास बसवून घेतलं होतं.

त्या वर्षी मेळ्याची सुरक्षा श्यामसुंदरबाबूंकडे आली. अग्निशमन दलातून निवृत्त झालेला हा माणूस लग्नाच्या मांडवात शिरला तरी आधी बाहेर जायची वाट मोजायचा. त्यांनी लाल कडेचं एक पत्र प्लास्टिकमध्ये घालून माइकसमोर टांगलं.

“दिदिमोनी,” ते म्हणाले. शाळेतल्या बाईंना तिकडे असंच म्हणतात. “तसं झालं तर हे वाचायचं. आधी बंगाली, मग हिंदी, मग इंग्रजी. प्रत्येकानंतर दहा सेकंद थांबायचं, बटण सोडून. मग पुन्हा पहिल्यापासून. शब्द बदलायचा नाही, पदरचा घालायचा नाही. मी ‘पुरे’ म्हणेपर्यंत.”

“आणि आग म्हणायचं का सरळ?”

“आग असेल तर आगच म्हणा. ‘भयंकर’ म्हणू नका.”

“दहा सेकंद कशाला? लोक तोवर गोंधळतील.”

“भोंग्याचा घुमारा विरायला हवा. आणि ऐकलेलं डोक्यात उतरून पाय हलायला तेवढा वेळ लागतोच.”

सरलाबाईंनी तालमीत तीनदा वाचलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, “आणि आपलंच माणूस आत असलं तर?”

श्यामसुंदरबाबू हसले नाहीत. “एका मेळ्यात माइकवरच्या माणसाने भावाला नाव घेऊन हाक मारली. बाहेर निघालेले लोक थबकले, काय झालं म्हणून मागे वळले. मागून येणारे थांबले नव्हते.” मग ते पत्राची दोरी घट्ट करत एवढंच म्हणाले, “आपलं माणूस असलं तर थोडं सावकाश वाचा.”

जानेवारीतला रविवार. साडेसहा वाजले होते. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. बांबूच्या मचाणावरून सरलाबाईंना खाद्यविभागाची छतं दिसत. सहावा स्टॉल मंडळाचा. तिथे श्रीकांतराव, त्यांचे यजमान, थालीपिठं लावत होते. बँकेत असताना त्यांनी घरात कधी चहासुद्धा केला नव्हता, आता तव्याला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. कानांनी मात्र कमी. यंत्र होतं, पण तव्यावर तेल तडतडलं की ते कानात शिट्ट्या मारी, म्हणून तव्यापाशी उभं राहताना ते काढून खिशात ठेवायचे. हे सरलाबाईंना पक्कं ठाऊक होतं, कारण दुपारीच त्यावरून दोघांची जुंपली होती.

“काढू नका हो ते. हाक मारली तर कळायचं नाही.”

“तू भोंग्यावरून मारशील की! सगळ्या डमडमला कळेल.”

वॉकीटॉकी खरखरला. श्यामसुंदरबाबूंचा आवाज नेहमीसारखाच, फक्त वाक्यं तुटक. “खाद्यविभाग. स्टॉल नऊ. कढईतलं तेल पेटलंय, मांडवाच्या कापडाने पेट घेतलाय. दलाला कळवलं. पत्र सुरू करा.”

सरलाबाईंनी गाणी बंद केली. मैदानावर एकाएकी हजारो माणसांच्या बोलण्याचा नुसता गुंजारव उरला. तो गाण्यापेक्षा वाईट वाटला. नवव्या स्टॉलवर काळा धूर उभा राहिला होता आणि वारा त्याला सहाव्याकडे वाकवत होता. मध्ये दोनच छतं.

अंगठा बटणावर ठरेना. बटण दाबलेलंच ठेवायला माइकला खटका होता, तो त्यांनी पुढे सरकवून अडकवून टाकला आणि वाचायला लागल्या.

“कृपया लक्ष द्या. खाद्यविभागात आग लागली आहे. खाद्यविभागातल्यांनी दोन नंबरच्या दरवाजाने बाहेर जावं. बाकीच्यांनी चार नंबरच्या. चालत जा, धावू नका. सामान राहू द्या, मुलांचे हात धरा. स्वयंसेवक सांगतील तसं करा.”

बंगाली संपलं. दहा सेकंद. याच दहा सेकंदांत एक नाव जिभेवर येऊन बसलं. ऐकू येणार नाही त्यांना, हे कळत होतं, पण शेजारचं कुणी ऐकेल, ओढून काढेल. दोन शब्द फक्त. खाली माणसं हळूहळू वळत होती, चालायला लागली होती. दोन शब्दांनी ती थांबली असती. त्यांनी नजर पत्रावर आणली. हिंदी.

दुसऱ्या फेरीला आठव्याचं छत गेलं. तिसऱ्या फेरीला सातवं दिसेनासं झालं. साड्यांच्या स्टॉलवाले गठ्ठे बांधत बसलेले, स्वयंसेवक त्यांना दंड धरून उठवत होते. एक नंबरच्या मोकळ्या ठेवलेल्या दरवाजातून बंब आत आला. सरलाबाई आणखी सावकाश वाचू लागल्या. चौथी फेरी. पाचवी. सहावा स्टॉल धुरात होता, तिथे कुणी आहे की नाही दिसत नव्हतं. प्रत्येक शब्द मागच्या वेळेइतकाच, त्याच जागी. श्यामसुंदरबाबूंचं ‘पुरे’ अजून आलं नव्हतं.

सातव्या फेरीच्या हिंदीत मचाणाची शिडी करकरली. वर आधी पिठाचा हात आला, मग काजळी लागलेलं टक्कल.

“काय गं,” श्रीकांतराव नेहमीसारखे जोरात बोलायच्या बेतात होते. सरलाबाईंनी हाताने तोंड बंद करायची खूण केली आणि इंग्रजी वाचलं. ते शिडीवरच बसले. त्यांनी खिशातून यंत्र काढून निमूटपणे कानात घातलं.

अकराव्या फेरीनंतर ‘पुरे’ आलं. चार स्टॉल जळाले, मंडळाचा त्यात होता. दोन जणांचे हात भाजले. जीव कुणाचाही गेला नाही.

“कसे निघालात?” घरी जाताना सरलाबाईंनी विचारलं.

“स्टॉलवरच्या दत्तात्रयने गॅस बंद केला आणि माझं कोपर धरलं. कानाशी ओरडला, वहिनी म्हणतायत दोन नंबर, चला. तवा घेऊ देईना मेला.”

आता अफवेचं. मंडळाची माणसं आधी निघाली, कारण पहिल्या बंगाली सूचनेलाच त्यांनी सगळं टाकून चालायला सुरुवात केली. बाकीचे सामान आवरत बसले. आणि मराठीतली कुजबुज खरी होती. खटका अडकलेला असल्यामुळे माइक थांबण्याच्या वेळीही चालू राहिला होता. सरलाबाई नवऱ्याचं नाव तोंडातून जाऊ नये म्हणून दर वेळी हळू आवाजात, मराठीत, एकपासून दहापर्यंत आकडे मोजत होत्या.