दीड लिटरचे दिवस

मॅडमच्या टेबलावर मी पासपोर्ट ठेवायच्या ऐवजी दुधाच्या दिनदर्शिका ठेवल्या. पाच वर्षांच्या पाच. सगळ्यांना खिळ्याचं भोक, सगळ्यांवर फोडणीचे शिंतोडे. आयुष्यात मी मूर्खपणाच्या बऱ्याच गोष्टी केल्या आहेत, पण पुराव्यानिशी केलेली ही एकच.

लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानावरच्या माडीवर आमच्या सीए मॅडमचं ऑफिस आहे. जुलैचा महिना, विवरणपत्र भरायचे शेवटचे आठवडे. भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, म्हणून थोरला भाऊ आणि मी कुरवंड्याहून मोटरसायकलवर आलो होतो. दिनदर्शिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दादाने पोटाशी धरल्या होत्या. मला वाटलं होतं, तो त्या देऊन चहाला जाईल. तो खुर्ची ओढून बसला.

मी एकोणीस वर्षं मस्कतला पंपांच्या देखभालीचं काम केलं. गेल्या जानेवारीत ते संपवून कायमचा घरी आलो. तिकडे आमच्या मेसमध्ये कर या विषयावरचे सगळे तज्ज्ञ जेवायला असत, आणि त्यांचं एकमत होतं : वर्षात एकशे ब्याऐंशी दिवसांच्या आत राहा, कोणी विचारत नाही. ते वाक्य मी एकोणीस वर्षं सांभाळलं आणि त्याच भरवशावर चोवीस जानेवारीला उतरलो.

"तो एकशे ब्याऐंशीचा आकडा नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याला आणि सुट्टीवर येणाऱ्याला," मॅडमनी फोनवरच सांगितलं होतं. "तुम्ही कायमचे आलात. तुम्हाला साठ दिवसांची कसोटी. एप्रिल ते मार्चच्या या वर्षात साठ किंवा जास्त दिवस, आणि आधीच्या चार वर्षांत मिळून तीनशे पासष्ट किंवा जास्त. दोन्ही भरले तर तुम्ही रहिवासी."

चोवीस जानेवारी ते एकतीस मार्च मोजले. जानेवारीचे आठ, फेब्रुवारीचे अठ्ठावीस, मार्चचे एकतीस. सदुसष्ट. एक फेब्रुवारीला आलो असतो तर एकोणसाठच भरले असते आणि प्रश्नच मिटला असता. पण सत्तावीस जानेवारीला आबांचं वर्षश्राद्ध होतं. वडिलांच्या वर्षश्राद्धाला नियमांचं पुस्तक बघून कोण येतं?

म्हणजे आता सगळं आधीच्या चार वर्षांवर आलं. रहिवासी ठरलो तर शेवटच्या महिन्यांचा तिकडचा पगार आणि नोकरी सोडतानाची रक्कम इथल्या करात येणार, अशी माझी समजूत. पण पासपोर्ट उघडायची मला भीती वाटत होती ती त्या पैशामुळे नव्हे. आबा जायच्या आधीच्या नोव्हेंबरात चेन्नईच्या विमानतळाचे दोन शिक्के त्यात होते, आल्याचा आणि गेल्याचा. मधले नऊ दिवस मी या देशात होतो आणि ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. दादाला तर नाहीच नाही.

म्हणून मला दुधाची युक्ती सुचली. आमच्याकडे रोज एक लिटर दूध येतं. मी घरी असलो की दीड. वहिनी त्या दिवसाच्या चौकोनात तसा आकडा लिहिते. माझ्या सुट्ट्यांचा असा हिशेब माझ्याकडेही नव्हता. मी रात्री बसून एप्रिल ते मार्च अशा चार वर्षांचे, म्हणजे पाच दिनदर्शिकांतले दीड मोजले आणि तीनशे एकोणपन्नास आले. तीनशे पासष्टच्या आत. कागदावर लिहून खाली रेघ ओढली, सही करायचीच बाकी होती.

"पासपोर्ट आणलेत ना?" मॅडमनी विचारलं.

"आणलेत. पण जुन्यातले शिक्के पुसट झालेत हो," मी म्हणालो. "आधी हे बघा. हे जास्त पक्कं आहे."

"दूध?"

"मॅडम, आमच्या हिच्या हातचा आकडा हाय," दादा म्हणाला. "सरकार चुकंल, ती न्हाई चुकायची."

मॅडमना गंमत वाटली असावी. त्यांनी पेन्सिल घेऊन मोजायला सुरुवात केली. दादा पानं उलटून देत होता आणि प्रत्येक सुट्टीला टिप्पणी जोडत होता. "हा आला तवा पाय मोडून घेतलता. सव्वादोन महिने खाटंवर. आबा म्हनायचे, बरं झालं मोडला, पोरगं बसलं तरी एका जागी."

"सकाळी किती वाजता दूध येतं?" मॅडमनी विचारलं.

"सहाला."

"आणि हे घरी पोचायचे दुपारनंतर. म्हणजे आलेल्या दिवसाचं दीड लिहिलेलंच नाही. तो दिवसही देशातलाच. त्यावर वाद घालणारे आहेत, पण मी आल्याचा आणि गेल्याचा, दोन्ही दिवस धरते. किती वेळा आलात चार वर्षांत?"

"आठ."

"मग आठ वाढवा."

मी मनातल्या मनात बेरीज केली. तीनशे सत्तावन्न. अजून आत होतो. बाहेर पाऊस लागला होता, पंखा कुरकुरत होता आणि मला चक्क भूक लागल्यासारखं वाटायला लागलं.

मॅडमची बेरीज संपली. त्यांनी माझा कागद बघितला, परत आपला बघितला.

"तुमचे तीनशे एकोणपन्नास. माझे तीनशे पन्नास."

"चुकला असंल हा," दादा म्हणाला. "शाळेपासूनच."

मॅडमनी पानं मागे उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. नोव्हेंबर. ते पान मी रात्री उलटलंच नव्हतं. महिनाभर एक, एक, एक, आणि मधल्या एका रविवारी दीड.

"या एका दिवसासाठी आला होतात?"

मी तोंड उघडलं. वहिनीची चूक असेल, एवढंच म्हणायचं होतं. त्यावर कोणी काही विचारलं नसतं.

"न्हाई, न्हाई, तवा हा नव्हता," दादाच म्हणाला. तो पानाकडेच बघत होता. "आबांच्या अंगावरनं वारं गेल्यावरची गोष्ट. ह्याचा फोन आलता मस्कतवरनं, जमलं तर रविवारी येतो म्हनून. जमलं न्हाई, रजा न्हाई भेटली. पर आबांनी दूध जादा घ्यायला लावलं. दुपारपातुर दाराकडं तोंड करून पडून होते. मग हिनं त्या दुधाला विरजन लावलं." तो मॅडमकडे वळला. "ह्यो दिवस काडून टाका. नव्हता हा हितं."

"ठीक आहे," म्हणून मॅडमनी पन्नासवर काट मारली.

एवढ्यावर सुटत होतो. कर वाचत होता, अब्रू वाचत होती आणि साक्षीदार खुद्द दादा. मी एरवी अशा संधी सोडणाऱ्यातला नाही. पण त्याने माझी बाजू इतक्या सरळपणे मांडली होती की मला तिथे बसवेना. मी पिशवीतून दोन्ही पासपोर्ट काढले, जुन्यातलं ते पान उघडलं आणि मॅडमसमोर ठेवलं.

शिक्के अजिबात पुसट नव्हते.

"चेन्नई," मॅडमनी वाचलं. "आलेला आणि गेलेला दिवस धरून नऊ." मग त्यांनी दिनदर्शिकेच्या त्या रविवाराकडे बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"कंपनीने पंपांच्या चाचणीला पाठवलं होतं," मी म्हणालो. दादाकडे न बघता म्हणालो. "काम पाच दिवसांत संपलं. फोन मस्कतहून नव्हता, चेन्नईहून होता. रविवारचं पुण्याचं तिकीटही काढलं होतं."

"मंग?" दादाने विचारलं.

"मागच्या वेळी निघताना आबांनी मनगट धरून ठेवलं होतं. तू बोटं सोडवलीस त्यांची. आठवतं? परत तेच करायचं, दोन दिवसांसाठी... मला जमलं नाही. हॉटेलातच राहिलो."

"नऊ दिवस?"

"शेवटचे चार. टीव्ही बघत होतो."

पुढे जानेवारीत आबा गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो होतो. तेव्हा सगळ्यांना सांगत फिरणारा दादाच होता, की बिचाऱ्याला रजाच मिळाली नाही.

मॅडमनी पुन्हा पेन्सिल उचलली. त्यांनी दुसरा तक्ता आखला, या वेळी फक्त शिक्क्यांवरून. तीनशे सत्तावन्न आणि नऊ, तीनशे सहासष्ट. "रहिवासी," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. मग त्यांनी आणखी मागची तीन वर्षं काढली. तिकडे एकशे बासष्ट दिवस निघाले.

"सात वर्षांत एकूण पाचशे अठ्ठावीस. सातशे एकोणतीसच्या वर नाही. म्हणजे तुम्ही रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नाही. कायद्यात तसा तिसरा वर्ग आहे. पगार आणि ती रक्कम तिकडच्याच खात्यात जमा झाली ना?"

"हो."

"मग तिकडच्या कमाईवर इथे कर नाही. हे नऊ दिवस लपवले असते तरी तुमचं काही वाचणार नव्हतं. उलट विवरणपत्र खोटं झालं असतं."

मला हसू येईना. दोन महिने मी ज्या दिवसांवर झाकण ठेवायला धडपडत होतो, त्यांची सरकारला फक्त नोंद हवी होती.

मॅडमनी तक्ता छापला. चार वर्षांतल्या फेऱ्यांची नऊ ओळींची यादी : आल्याची तारीख, गेल्याची तारीख, दिवस. मी सही केली. दादाने हात पुढे केला.

"मला एक द्या ह्यातला."

"तुम्हाला कशाला, आबा?" मॅडम चटकन म्हणून गेल्या. दादा सत्तरीला आला आहे. डोक्यावर टोपी, तोंडात दात कमी. त्यांना आबाच वाटला.

"असू द्या," तो म्हणाला.

खाली चिक्कीच्या दुकानाच्या पत्र्याखाली आम्ही पाऊस कमी व्हायची वाट बघत उभे राहिलो. त्याने दिनदर्शिका पुन्हा पिशवीत गुंडाळल्या, पोटाशी धरल्या.

"आबांनी चालवून घेतलं असतं. म्हनले असते, हाटेलात का व्हईना, निजला ना पोटभर. मला न्हाई जमनार."

"बरं."

"एवडं सांगतो. लगीच न्हाई जमनार."

"बरं, दादा."

मग त्याने मोटरसायकलची सीट पिशवीच्या कोपऱ्याने पुसली. पाऊस चालूच होता, पण त्याने मला पुढे बसायची खूण केली. कुरवंड्याचा चढ येईपर्यंत त्याने माझ्या खांद्याला धरलं नाही. चढाला धरावंच लागतं.

वहिनीला त्याने काही सांगितलं नाही. मला वाटत राहिलं, सांगावं. चार शिव्या बसल्या असत्या तर मोकळा झालो असतो. दिनदर्शिका खिळ्याला परत लागल्या. त्या नोव्हेंबरच्या पानात तक्ता घडी करून खोचलेला आहे, त्याचं पांढरं टोक बाहेर दिसतं. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलं की ते दिसतंच.

रोज सकाळी सहाला दूध येतं. आता रोज दीडच लिटर येतं, म्हणून वहिनीने आकडा लिहायचं सोडून दिलं आहे. या वर्षीची फेब्रुवारीपासूनची पानं कोरी आहेत. दूध घ्यायला मी उठतो. दादा ओट्यावर बसलेला असतो. पातेलं भरलं की तो एकदा आत वाकून बघतो, मापात आहे का ते, आणि मग तोंड धुवायला जातो.