पोर्टफोलिओत न घेतलेलं घर

पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून मी पडून होते, नाहीतर तो पसारा एक दिवससुद्धा चालू दिला नसता. नातीने माझ्या खोलीची सगळी फरशी कागदांनी भरून टाकली होती. हॉलमध्ये सोफे, तिच्या खोलीत पलंग. मोकळी फरशी काय ती माझ्याकडे. मोरीत जायचं तरी आधी तिला हाक मारून वाट करून घ्यावी लागे.

ती पुण्यात आर्किटेक्ट झाली, मग मंचरला एका ऑफिसात लागली. परदेशात पुढे शिकायचं तर आपल्या कामांचं पुस्तक पाठवावं लागतं, त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. पानं मोजकीच चालतात आणि तिच्याकडे कामांचा ढीग. म्हणून तिने प्रत्येक पान बारीक करून छापून आणलं होतं. दिवसभर उचलायची, इकडचं तिकडे ठेवायची.

आधी तिने सगळं वर्षाप्रमाणे लावलं, शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं. पहिल्या पानावर गणपती, आमच्या लग्नपत्रिकेवर असतो तसा. कॉलेजात तिच्या पुढे असलेली एक मुलगी आता तिकडेच शिकते. तिने फोनवर पाहिलं आणि हसली.

"गणपती काढ गं बाई, लग्न आहे का कुणाचं? पहिल्या वर्षाचं सगळं काढ. चार-पाच कामं पुरेत. सगळ्यात दमदार पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटी. तिकडची माणसं ढिगाने बघतात, पहिल्या पानांवर थांबली तर पुढे जातात."

दमदार म्हणजे लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरचं विसाव्याचं काम. दम लागलेल्या माणसाने कुठे टेकायचं, सावली कुठून यायची, याचे नकाशे आणि पुठ्ठ्याच्या मॉडेलचे फोटो. ते शेवटच्या वर्षाचं. कांदे साठवायच्या चाळीचं, म्हणजे कांदाचाळीचं काम शेवटी ठेवायचं ठरलं. मधली दोन ठरली, त्यातलं एक मंचरच्या ऑफिसातलं. अडलं ते एका घरावर.

म्हणजे आमच्याच घरावर. तिने काढलेलं आणि खरोखर उभं राहिलेलं तेवढं एकच. बाकी सगळं कागदावर. पण बांधताना माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापाने, तिच्या नकाशातलं निम्मं बदललं. पुढे जाडे खांब लावले. माझ्या खोलीची पूर्वेची खिडकी बुजवून तिथे बाहेरून दगडी फरशा चिकटवल्या, रस्त्यावरून उठून दिसावं म्हणून. दुपारीही मला दिवा लावून बसावं लागतं.

मुलगा दारात उभा राहिला. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"आपलं घर पयलं लाव. बाकी नुसती चित्रं हायेत."

"पप्पा, ते मी काढलं तसं झालंच नाही."

"मंग तू काढलं व्हतं तसं दाखव. कम्प्युटरवर खिडकी टाक. तिकडून कोण बघाया येतंय?"

"बांधलं म्हणून लिहायचं आणि न बांधलेलं दाखवायचं? मुलाखतीत विचारलं तर?"

"लई शहाणी झाली. गावाला सांगून ठेवलंय मी, पोरीनं काढलेलं घर परदेशात चाललंय म्हणून."

तो गेला. तिने खरंच कम्प्युटरवर खिडकी टाकली. मी पलंगावरून पाहिलं. ऊन माझ्या उशीपर्यंत आलेलं. मग तिने ती पुसली आणि खरा फोटो लावला, खाली लिहिलं की मूळ नकाशा आपला, बदल घरच्यांचे. ते तिला बापाची चहाडी केल्यासारखं वाटलं. तेही काढलं. पुन्हा खिडकी टाकली. असं किती वेळा केलं मी मोजलं नाही. कंटाळून म्हणाले, "एक कायतरी ठरव, नायतर ते कागद उचल. मला मोरीत जायचंय."

"आजी, हे घर घेतलं नाही तर माझ्याकडे बांधलेलं काहीच नाही."

"मंग नाय म्हून सांग."

ती रडली. मी समजूत घातली नाही. मला काय कळतं त्यातलं.

संध्याकाळी तिने घराची पानं उचलून कपाटावर ठेवली आणि उरलेली सलग लावली. मंचरच्या ऑफिसातल्या कामाखाली तिने आपण त्यातलं नेमकं काय केलं तेवढंच लिहिलं. मोकळी झालेली दोन पानं विसाव्याच्या कामाला दिली, आधी खचाखच भरलेले नकाशे मोठे केले. कांदाचाळ शेवटी. फाईल पाठवली आणि मला मोरीपर्यंत धरून नेलं.

रात्री जेवताना बापाने विचारलं, "घर कितव्या पानावर?"

"नाही घेतलं."

तो ताटावरून उठला. पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलायचं असलं की मला सांगायचा, "तिला म्हणावं." ती समोरच असायची.

दोन ठिकाणांहून नकार आला, एका ठिकाणी मुलाखत झाली आणि तिला घेतलं. त्या दिवशी मुलाने पेढे आणले आणि दारात येईल त्याला सांगू लागला, "आपलं घर बघून घेतलं राव तिला. पयल्याच पानावर व्हतं." शेजारचा एकजण खांबांना हात लावून बघून गेला.

नात पेढ्यांचा डबा धरून त्याच्या शेजारी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, मी काही बोलेन म्हणून. मी डब्यातला एक पेढा उचलला. तिने पुढच्या पाहुण्यापुढे डबा केला.