हनुवटीवरचा डाग

आमच्या धंद्यात माणसाला गोरं करून देण्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. सेलूतल्या आमच्या स्टुडिओत नवरी उन्हात भाजी तोडून रापलेली येवो की दुकानात बसून पिवळी पडलेली येवो, अल्बममध्ये सगळ्यांचा रंग एकच, ओल्या मैद्याचा. लोकांना तेच हवं असतं, आणि लोकांना हवं ते द्यायला आम्ही बसलेलोच आहोत. मी हे लाज वाटून लिहीत नाही. लाज वाटायची ती पुढे वाटली.

दुकान माझं आणि चुलतभावाचं. त्याला मी दादा म्हणतो, वयाने मोठा म्हणून. कामाने म्हणायचं झालं तर अवघड आहे. दादाची पद्धत सोपी. कॅमेऱ्यात जेपीजी काढायचे, कॉम्प्युटरवर उघडायचे, चेहरे घासूनपुसून चकचकीत करायचे आणि त्याच नावाने त्याच फाइलवर सेव्ह करायचं. मूळ फोटो गेला तो गेला. "जागा वाचते," तो म्हणायचा. जागा वाचवून त्याने तिथे काय ठेवलं, तर डाउनलोड केलेले पिक्चर.

मी रॉमध्ये काढतो. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने जे पाहिलं ते, कच्चंच्या कच्चं. माझं सॉफ्टवेअर त्या फाइलला हात लावत नाही. उजेड इतका वाढव, पिवळेपणा इतका कमी कर, इथली कातडी तिथे लाव, अशा सूचना ते वेगळ्या कॅटलॉगमध्ये लिहून ठेवतं, आणि प्रिंटसाठी फाइल काढताना त्या मूळ फोटोच्या नकलेवर चालवतं. दहा वर्षांनी कॅटलॉग उघडून त्यातली एकच सूचना खोडली, तर तेवढीच खोडली जाते. सगळं दोन डिस्कांवर ठेवतो, एक दुकानात, एक घरी. दरवर्षी उघडून पाहतो, जुनी डिस्क कुरकुरायला लागली की नवीवर उतरवतो. दादा यावर फार हसायचा.

"डिस्काचं लोनचं घालून राह्यला काय बे?" गिऱ्हाइकांसमोर विचारायचा. गिऱ्हाइकंही हसायची.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई आली, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन. माहेर इथलंच, सेलूच्या शिवारात वांगी-कोथिंबीर पिकवणारं घर. सासर पुलगावला, किराणा दुकान. तिचं लग्न आम्हीच केलं होतं, म्हणजे फोटो. हळद मी काढली होती, लग्न दादाने. मुलीने ओढणीचं टोक हनुवटीवर दाबून धरलं होतं. उकाड्यात पंख्याखाली बसूनही काढेना.

"भाऊ, माह्या हनुवटीवर डाग होता, आठवते काय?" बाईने विचारलं.

आठवत होता. चिंचोक्याएवढा काळा डाग, जन्मापासूनचा. आठवायचं कारण असं की लग्नाआधीच तिची होणारी सासू दुकानात येऊन बजावून गेली होती: एकाही फोटोत डाग दिसायला नको, पाहुण्यांत अल्बम फिरतो. सोयरीक मान्य होती, हनुवटी मान्य नव्हती. पुढे नागपूरला नेऊन तिने सुनेच्या कातडीवरचाही काढून आणला. आता तिथे बारीक रेघ होती, आणि मुलीला जन्मतः त्याच जागी तसाच डाग.

"शाळेत पोट्ट्या चिडवतात हिले," बाई म्हणाली. "मी म्हणतो, बाई, मलेही होता, सेम तुह्यासारखा. तर म्हणते, खोटं बोलतं तू. घरी एक फोटो नाई भाऊ, ज्याच्यात तो डाग असन. लग्नाच्या आंधीचे माहेरी होते, ते पुराच्या पाण्यात गेले. एक तरी असन ना तुमच्यापाशी?"

दादाने आपल्या कॉम्प्युटरवर लग्नाचे फोटो उघडले. साडेचारशे फोटो, साडेचारशे गुळगुळीत हनुवट्या. बॅकअपही होता त्याच्याकडे, त्याच फोटोंचा. घासलेल्या भांड्याची दुसरी प्रत. पण दादा खचणारा माणूस नाही.

"ताई, टेन्शन काहाले घेता? लावून देतो ना डाग. दोन मिन्टाचं काम."

मुलगी आईकडे वळली. "पाह्य. मी म्हटलं होतं ना, हे लावूनच देतीन."

बाईचा चेहरा पाहवेना. मावशीने मोबाइलवर डाग चिकटवून आधीच एकदा मुलीला फसवायचा प्रयत्न केला होता, हे मग कळलं. आणखी एक खोटा डाग मिळाला असता, तर ही मुलगी आईचं पुन्हा काही खरं मानणार नव्हती.

मी हळदीचा कॅटलॉग उघडला. सॉफ्टवेअर नवं, कॅटलॉग जुना. अपग्रेड करू का विचारलं, हो म्हटलं. नवरी चौरंगावर, गालांना हळद, हसत होती. हनुवटी कोरी. डाग झाकायला मी तिथे दुरुस्तीचा ठिपका मारला होता, त्यावर क्लिक करून तो डिलीट केला. डाग आला. रंग, उजेड, सगळं मी लावलेलं तसंच, फक्त डाग आला.

"आत्ता लावला तुम्ही," मुलगी म्हणाली. "मी पाह्यलं."

पोरीत दम होता. आमच्या दुकानात वर्षानुवर्षं मोठमोठी माणसं येऊन गेली, असा संशय कुणाला आला नव्हता. मी वाद घातला नाही. रीसेट दाबलं, म्हणजे माझ्या सगळ्याच सूचना एकदम बाजूला. क्रॉपिंग सुटून चौकट वाकडी झाली, कडेला कुणाचं तरी कोपर आणि पाणी भरलेला स्टीलचा गंज आला, ट्यूबलाइटचा हिरवट उजेड नवरीच्या तोंडावर पसरला. आणि मधोमध तो डाग, हळदीच्या ओघळाखाली, चांगला ठसठशीत.

मुलगी स्क्रीनजवळ गेली. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "एवढा बेक्कार फोटो कोनी मुद्दाम नाई बनवणार."

माझ्या कामाचं इतकं प्रामाणिक कौतुक कधी झालं नव्हतं. बाई डोळ्याला पदर लावून हसत होती. मुलीने ओढणीचं टोक सोडलं आणि एक बोट आपल्या हनुवटीवर, एक काचेवर ठेवलं. दादा मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं पाहू लागला. मी मनातल्या मनात त्याला लोणच्याची बरणी दाखवून घेतली. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"कोनता प्रिंट करू?" मी ऐटीत विचारलं. "चांगल्या रंगाचा, डाग ठेवून?"

"हाच," मुलगी म्हणाली. "बेक्कारवाला."

प्रिंट निघेपर्यंत ती काहीतरी विचार करत उभी होती.

"काका, आईचा डाग तं डॉक्टरनं काढला. फोटोतला कोनी काढला होता?"

दादाकडे बोट दाखवायची सवय आहे मला. या वेळी जागा नव्हती. कॅटलॉग माझा, ठिपका माझा, आणि सगळं नीट लिहून ठेवण्याची मिजासही माझीच.

"मी," म्हटलं.

"काऊन?"

प्रिंटर थांबला होता. मी कागद काढून तिच्या हातात दिला, आणि ती कारण ऐकायला तशीच उभी राहिली, हनुवटी वर करून.