बाद केलेल्या नोंदी

त्या वर्षी उन्हाळा लवकर चढला. मार्च संपतानाच आरोग्य खात्यातल्या एका अधिकाऱ्यांचा मला फोन आला. मी चिंचवडजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन शिकवत होते.

"मॅडम, चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी उष्णतेबद्दल सूचना काढायच्या आहेत. कामगारांना ठरावीक वेळाने विश्रांती आणि पाणी सक्तीचं करावं का? जगात यावर काय अभ्यास झालेत ते हवंय. अकरा दिवसांत."

मी म्हटलं, "सर, नीट पद्धतशीर आढावा घ्यायचा तर वर्ष लागतं."

"तोवर हा उन्हाळा संपलेला असेल."

ते खरंच होतं. अशा वेळी जो करतात त्याला रॅपिड रिव्ह्यू म्हणतात. पद्धत तीच, पण काही पायऱ्या जाणूनबुजून गाळायच्या किंवा आखूड करायच्या, आणि कुठल्या गाळल्या ते अहवालात उघड लिहायचं. त्यानं उत्तर कुठे चुकू शकतं, तेही. हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवत होते.

आम्ही तिघं होतो. मी, आमच्या विभागातली संख्याशास्त्रज्ञ आणि महाविद्यालयाचे ग्रंथपाल. संख्याशास्त्रज्ञ माझ्याहून दहा वर्षांनी लहान, लातूरकडची, कामात काटेकोर. ग्रंथपाल चाकणजवळच्या गावातले, निवृत्तीला आलेले. त्यांना आम्ही काका म्हणायचो. संशोधनलेखांच्या डेटाबेसमध्ये कुठला शब्द टाकला की काय वर येतं, हे त्यांच्याइतकं आमच्याकडे कुणालाच कळत नव्हतं.

पहिला दिवस प्रश्न आवळण्यात गेला. 'उष्णतेनं कामगारांचं काय होतं' हा प्रश्न अकरा दिवसांत मावणारा नव्हता. मी अधिकाऱ्यांना परत फोन केला आणि आम्ही ठरवलं: बंदिस्त जागेत काम करणारे कामगार, ठरवून दिलेली विश्रांती, पाणी आणि थंड जागा, ती नसण्याशी तुलना, आणि त्यानं चक्कर, उष्माघात, मूत्रपिंडाचा त्रास कमी होतो का. काहीही शोधण्याआधी आम्ही दोन पानांचा प्रोटोकॉल, म्हणजे कामाचा आराखडा, लिहिला. शॉर्टकट त्यातच मांडले. दोनच डेटाबेस. फक्त इंग्रजीतले, प्रसिद्ध झालेले लेख. आकडे एकत्र करून नवं गणित मांडायचं नाही, निष्कर्ष शब्दांत सांगायचे. शोधात आलेल्या एका लेखाचं शीर्षक आणि सारांश म्हणजे एक नोंद; पहिल्या पन्नास नोंदी संख्याशास्त्रज्ञ आणि मी, दोघींनी वेगवेगळ्या चाळून जुळवून बघायच्या. पुढच्या मी एकटीनं चाळायच्या आणि मी बाद केलेली प्रत्येक नोंद तिनं तपासायची.

"शेवटचं ते सोडायचं नाही हं मॅडम," ती म्हणाली. "ठेवलेली नोंद पुढे पुन्हा वाचली जाते. बाद केलेली कुणीच वाचत नाही."

काका म्हणाले, "मी लेखांच्या मागच्या संदर्भयाद्या बी बघतो. आपल्या शोधात निसटलेलं कधीमधी तिथं घावतंय."

सहाव्या दिवसापर्यंत सगळं वेळेवर चाललं होतं. सातव्या दिवशी दुपारी संख्याशास्त्रज्ञाला लातूरहून भावाचा फोन आला. आई जिन्यावरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. ती संध्याकाळच्या बसनं लातूरला गेली. जाताना म्हणाली, "बाद यादीतल्या शेवटच्या दीडेकशे राहिल्यात मॅडम. मी तिकडून बघते."

"तू आईकडे बघ. इथलं मी बघते."

इथलं मी बघितलं नाही. विभागातल्या दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं, पण परीक्षा चालू होत्या. अधिकाऱ्यांना फोन करून आणखी दोन दिवस मागता आले असते. काही नाही तर अहवालातल्या पद्धतीच्या पानावर एक ओळ घालता आली असती: 'बाद केलेल्यांपैकी शेवटच्या दीडशे नोंदी एकीनंच तपासल्या, त्यात काही लागू अभ्यास निसटले असण्याची शक्यता आहे.' एवढंच. पण ते पान प्रोटोकॉलवरून आधीच उतरवून ठेवलेलं होतं आणि त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: बाद केलेल्या सर्व नोंदी दुसऱ्या संशोधकानं तपासल्या. अकराव्या दिवशी सकाळी मी ते वाक्य वाचलं. माझा हात तिथे थांबला, हे मला आठवतं. मग मी पुढच्या पानावर गेले.

बाकीचे शॉर्टकट मी पहिल्याच पानावर चौकटीत दिले होते. अधिकारी खूश झाले. "इतकं प्रामाणिक कुणी लिहीत नाही मॅडम," म्हणाले. मी "थँक्यू सर" म्हणाले.

आठवड्याभरात सूचना निघाल्या. भट्टीजवळच्या कामगारांना ठरावीक वेळाने विश्रांती, थंड पाणी, सावलीची खोली. आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर एक वाक्य होतं: 'भट्टीपासून दूर, पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांबाबत पुरावा आढळला नाही.' पुरावा न आढळणं म्हणजे गरज नसणं नव्हे, हे मला माहीत होतं आणि मी ते लिहिलंही होतं, चौथ्या पानावर. सूचना लिहिणाऱ्यानं फक्त पहिलं पान वाचलं होतं. शेडचा त्यांत उल्लेखच नव्हता.

एप्रिलच्या शेवटी अंमलबजावणी बघायला खात्यानं मला चाकणच्या एका फाउंड्रीत, धातू ओतण्याच्या कारखान्यात, नेलं. भोंगा झाला. भट्टीवरची माणसं हातमोजे काढत कूलर लावलेल्या खोलीत गेली. सुपरवायझरनं मला वेळापत्रकाचा फलक दाखवला. परतताना आम्ही पॅकिंगच्या शेडमधून गेलो. वर पत्रा, खाली दोन रांगांत बायका, पुढ्यात गरम सुटे भाग, पुठ्ठा आणि तेलाचा कागद. इथे कुणीच उठलं नव्हतं. शेडच्या उघड्या दारातून त्यांना ती कूलरची खोली सरळ दिसत होती.

एका बाईनं हात न थांबवता विचारलं, "मॅडम, ते विश्रांतीचं तुम्हीच लिव्हलं म्हणं?"

"आम्ही माहिती दिली ताई. निर्णय खात्याचा."

"मंग आमचं काय लिव्हलं त्याच्यात?"

सुपरवायझर हसला. "त्यांचं काम बसून असतं मॅडम. भट्टीसारखं नाही."

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दुपारी पत्र्याखाली बसून दाखवा म्हणावं." मग माझ्याकडे बघत राहिली. पन्नाशीची असेल. कपाळावर ओला रुमाल बांधलेला, ओठ सुकलेले. मी म्हणाले, "तुमच्याबद्दल अभ्यास सापडला नाही ताई."

"सापडला न्हाई का धुंडला न्हाई?"

तिनं ते कुत्सितपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पाणी पिऊन घ्या असं काहीतरी बोलले आणि गाडीत बसले. चाकण चौकातल्या गर्दीत गाडी अर्धा तास अडकली, आणि सबंध वेळ ते कपाळ मला समोरच्या काचेत दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाद यादी उघडली. शेवटच्या दीडशे. काका शेजारी बसले. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, पण त्यांनी रकाना पाहिला. तपासणाऱ्याची खूण कुठपर्यंत आहे आणि कुठे संपते, ते त्यात सरळ दिसत होतं.

"ह्या तर न्हाई तपासलेल्या," ते म्हणाले.

"नाही काका."

"अन् अहवालात?"

मी अहवालातलं पद्धतीचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते वाक्य वाचलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "चला. एकेक वाचा. मी ऐकतो."

दुपारपर्यंत तो लेख सापडला. शीर्षकात फळांच्या पॅकिंगगृहाचं नाव होतं, म्हणून शेती समजून मी तो बाद केला होता. सारांशात मात्र स्पष्ट लिहिलं होतं: बंदिस्त पत्र्याची शेड, बसून काम, विश्रांती आणि पाण्याची योजना. तो आमच्या प्रश्नाच्या आतला होता. अभ्यास लहान होता, खात्री कमी. पण 'पुरावा आढळला नाही' हे वाक्य खोटं ठरत होतं. थोड्या वेळानं काकांना आणखी एक मिळाला.

मी लातूरला फोन केला. सगळं ऐकून ती फक्त म्हणाली, "त्या वाक्यातला दुसरा संशोधक म्हणजे मी, मॅडम." मला तिची माफी मागायची होती, पण आईला औषध द्यायचं आहे म्हणून तिनं फोन ठेवला. ती अजूनही माझ्याबरोबर काम करते. अजूनही काटेकोर आहे. त्या वाक्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. कुठल्याही अहवालावर सही करण्याआधी मात्र ती पद्धतीचं पान मोठ्यानं वाचते, आणि मी ऐकते.

अधिकाऱ्यांसमोर मी दुरुस्तीचं पत्र ठेवलं. काय गाळलं, ते लपलं कसं, त्यानं निष्कर्ष कुठे बदलतो. त्यांनी ते दोनदा वाचलं. आवाज चढवला नाही.

"मॅडम, तुम्ही दोन डेटाबेसच बघितलेत, मी स्वीकारलं. इंग्रजीच वाचलंत, तेही स्वीकारलं. ही एक ओळ असती तर मी विचारलं असतं, मग शेडमधल्यांचं काय? निदान तात्पुरतं त्यांनाही धरलं असतं. तुम्ही मला विचारूच दिलं नाहीत."

मी त्या दोन लेखांच्या प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या.

सुधारित सूचना निघायला सहा आठवडे गेले. शेडमध्ये काम करणाऱ्यांचा त्यांत समावेश झाला. आमच्या अहवालाची नवी आवृत्ती जुनीच्या जागी आली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की पहिल्या आवृत्तीत तपासणीबद्दल दिलेली माहिती चुकीची होती. ते वाक्य मी स्वतः लिहिलं.

जूनमध्ये मी त्या फाउंड्रीत पुन्हा गेले, स्वतःहून. शेडमध्ये दोन मोठे पंखे लागले होते, पाण्याचा जार होता, फलकावर पॅकिंगचा वेगळा रकाना होता. रुमाल बांधलेली ती बाई दिसली नाही. मी सुपरवायझरला विचारलं.

"कुठली हो? ठेकेदार बदलला मे महिन्यात. जुन्या बायका गेल्या सगळ्या."

"आजारी वगैरे पडली होती का कुणी?"

"एकदोघी पडल्या होत्या चक्कर येऊन. मेमध्ये कोण पडत नाही?"

"त्यात ती होती?"

त्यानं खांदे उडवले. त्याला तिचं नाव माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. रांगेतल्या नव्या बायकांना विचारलं; त्यांतली कुणी तिला ओळखत नव्हती. एक म्हणाली, आधीच्या बायका रांजणगावच्या कारखान्यांकडे गेल्या असं ऐकलं. दुसरी म्हणाली, गावाकडे गेल्या.

भोंगा झाला. बायका उठल्या, पदर झटकले, आणि पंख्याखालच्या बाकांवर जाऊन बसल्या. तिसऱ्या बाकावर एकीला पुरेल एवढी जागा रिकामी होती. एक मुलगी सरकून म्हणाली, "बसा ना मॅडम." मी उभीच राहिले.