गळलेली हिरवी पानं

रोपवाटिकेतल्या आक्काकडे निवृत्त मास्तर बायकोचं जाड पानांचं जेडचं रोप घेऊन आले. "हेही जाणार का हो, आक्का?"

आक्कानं एक गळलेलं पान दाबून पाहिलं. "तहानलं असतं तर सुरकुतलं असतं. पाणी जास्त झालं असतं तर पिवळं, लिबलिबीत झालं असतं. हे हिरवं, टणक आहे, खोडही घट्ट. मास्तर, खोली एकदम गार पडली का?"

आजारी बायकोच्या खोलीत थंडीभर चालू असलेला हीटर मास्तरांनी ती गेली त्याच दिवशी बंद केला होता.

"जगेल. उबेत, उजेडात एकाच जागी ठेवा. माती सुकल्याशिवाय पाणी नको."

मास्तर उठले नाहीत. "आठ दिवस त्या बंद खोलीत काहीतरी टपटपत होतं, आक्का. मला वाटायचं, ती उठलीय. आज धीर करून दार उघडलं, तर कुंडीखाली ही पानं."